एसएलसी 500 चा जुना प्रोग्रॅम कॉम्पॅक्टलॉजिक्सवर कसा हलवावा

एसएलसी 500 ची लॅडर स्टुडिओ 5000 मध्ये आणणं हे या कामातलं सोपं काम आहे. रूपांतरक फाइल घेतो आणि बहुतेक ओळी नव्या रूपात समोर ठेवतो. जिथे त्याला खात्री नसते तिथे तो `PCE` ही सूचना घालून ठेवतो. त्या सगळ्या ओळी हातानं तपासून `PCE` काढून टाकल्या की प्रोग्रॅम व्हेरिफायही होतो, आणि लोकांना वाटतं काम झालं. प्रत्यक्षात मशीन बिघडतं ते `PCE` नसलेल्या ओळींमुळे. तिथे लॅडर जशीच्या तशी दिसते, पण आकड्यामागचं एकक किंवा इनपुट वाचण्याची वेळ बदललेली असते.

उदाहरण म्हणून एक मिक्सिंग टँक घेऊ. झाकण बंद असल्याचा स्विच स्लॉट 1 मध्ये आहे, मिक्सरचा कॉन्टॅक्टर स्लॉट 2 वर आणि पातळीचा 4–20 mA ट्रान्समीटर स्लॉट 3 मधल्या 1746-NI4 कार्डावर. नव्या पॅनेलमध्ये 1769 मालिकेची कार्डं त्याच क्रमानं बसवायची आहेत.

पहिली पायरी: चालू मशीनमधून सगळं उचलून घ्या

लॅपटॉपवरच्या फाइलवर विसंबू नका. प्रोसेसरमधून अपलोड करा आणि तो प्रोग्रॅम जतन केलेल्या `.RSS` फाइलशी ताडून पाहा. वर्णनं आणि शेरे प्रोसेसरमध्ये नसतात, ते फक्त `.RSS` मध्ये असतात. उलट कुणीतरी रात्रपाळीत केलेला बदल फक्त प्रोसेसरमध्ये असतो. त्यामुळे दोन्ही लागतात.

अपलोड करताना डेटा टेबलचे चालू आकडेही घ्या. `N7` आणि `F8` मध्ये ऑपरेटरनं वर्षानुवर्षं घासूनपुसून बसवलेले सेटपॉइंट असतात. नव्या कंट्रोलरमध्ये ते भरले नाहीत तर तिथे शून्य असेल आणि शून्य हा आकडा बहुतेक तुलनांना चालतो, म्हणून चूक लगेच दिसत नाही. फोर्स लावलेले असतील तर तेही टिपून ठेवा. फोर्स लावूनच चालणारं मशीन ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

याच वेळी, जुना पीएलसी जिवंत असताना, मशीनचं वागणं कागदावर घ्या. मिक्सर किती सेकंद फिरतो, किती पातळीला भरणं थांबतं, झाकण मध्येच उघडलं तर काय होतं, वीज जाऊन परत आल्यावर मशीन कुठून सुरू होतं. पुढची चाचणी याच कागदावरून घ्यायची आहे. जुना रॅक खाली उतरल्यावर ही माहिती कुठेच मिळत नाही.

दुसरी पायरी: पत्त्यांचा तक्ता

क्रॉस रेफरन्स काढा आणि खरोखर वापरात असलेले पत्तेच तक्त्यात घ्या. आपल्या टँकसाठी सुरुवात अशी होईल:

```
I:1/4    In1.4               Lid_Closed
O:2/0    Out2.0              Mixer_Run
I:3.0    Local:3:I.Ch0Data   Level_Raw
T4:0     T4[0]               Mix_Time
N7:20    N7[20]              Level_High_SP
S:1/15   S:FS
```

`N7`, `B3`, `T4` या जुन्या फाइली अ‍ॅरे म्हणूनच ठेवल्या आहेत आणि वाचायला सोपं जावं म्हणून त्यांच्यावर एलियस नावं दिली आहेत. प्रत्येक शब्दाला स्वतंत्र टॅग करायचा मोह होतो, पण जुन्या प्रोग्रॅममध्ये `N7:[N7:0]` असा अप्रत्यक्ष पत्ता एकदा जरी असेल तरी अ‍ॅरे मोडता येत नाही. इथे आणखी एक काळजी घ्या. लॉजिक्समध्ये अ‍ॅरेच्या हद्दीबाहेरचा क्रमांक आला की मेजर फॉल्ट येऊन कंट्रोलर थांबतो. म्हणून निर्देशक जिथे बदलतो तिथे त्याला मर्यादा घाला.

दुसरा फायदा पडद्याचा. जुना एचएमआय `N7:20` मागत असेल आणि तो आत्ताच बदलायचा नसेल, तर कंट्रोलरमधल्या पीएलसी/एसएलसी मॅपिंगमध्ये फाइल क्रमांक 7 ला `N7` हा टॅग जोडता येतो. त्यासाठी टॅग कंट्रोलर स्कोपमध्ये असावा लागतो, प्रोग्रॅम स्कोपमधला चालत नाही.

तक्त्यातली `I:1/4` ची ओळ मुद्दाम पाहा. ती थेट कार्डाकडे न जाता `In1` कडे गेली आहे. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: आकड्यांची एककं

एसएलसीच्या टायमरला टाइम बेस असतो, 0.01 किंवा 1 सेकंद. लॉजिक्सच्या टायमरला फक्त मिलिसेकंद कळतात. `T4:0` चा प्रीसेट 1500 आणि बेस 0.01 असेल तर ते 15 सेकंद झाले. नव्यात 15000 लिहावं लागेल. टायमरच्या सूचनेत लिहिलेला आकडा बदलणं सोपं आहे, रूपांतरकानंतरही तो एकदा पाहून घेतला की झालं. लपलेली जागा वेगळी असते. आपल्या टँकमध्ये ऑपरेटर पडद्यावर 15 टाकतो, एक `MUL` त्याला 100 ने गुणतो आणि उत्तर `T4:0.PRE` मध्ये जातं. ती ओळ नव्या प्रोग्रॅममध्ये बिनचूक दिसते, पण मिक्सर दीड सेकंद फिरून थांबतो. म्हणून `.PRE` आणि `.ACC` जिथे जिथे येतात त्या प्रत्येक ओळीचा शोध घ्या, तुलनांसकट.

अ‍ॅनालॉगचंही तसंच. 1746-NI4 कार्ड 4 ते 20 mA साठी 3277 ते 16384 असे आकडे देतं. 1769-IF4 मध्ये इंजिनीअरिंग युनिट्स हे स्वरूप निवडलं तर तीच रेंज 4000 ते 20000 होते. जुन्या प्रोग्रॅममध्ये पातळी 12000 च्या वर गेली की भरणं थांबत होतं. याचा हिशेब असा:

```
(12000 - 3277) / (16384 - 3277) = 0.6655
4000 + 0.6655 × 16000 = 14648
```

म्हणजे भरणं 66.5 टक्क्यांना, 14.65 mA ला थांबत होतं. आकडा 12000 च राहिला तर नव्या कार्डावर तो 12 mA, म्हणजे टँक अर्धा भरतानाच लागू होईल. हे निदान डोळ्यांना दिसतं. तार तुटल्याची खूण मात्र हातची जाते. जुन्यात ‘3000 पेक्षा कमी म्हणजे तार तुटली’ असं असेल तर ते 3.66 mA होतं. नवं कार्ड 3200 च्या खाली उतरतच नाही, त्यामुळे तोच आकडा ठेवला तर अलार्म कधीच वाजणार नाही. तिथे 3662 लिहा.

नावानं फसवणारी एक सूचनाही इथेच तपासा. एसएलसीमधली `OSR` ओळीच्या मध्ये अट म्हणून बसते. लॉजिक्समध्ये `OSR` आहे, पण ती आउटपुट सूचना आहे. जुन्या `OSR` चं काम तिथे `ONS` करते.

चौथी पायरी: इनपुट केव्हा वाचलं जातं

एसएलसी स्कॅनच्या सुरुवातीला इनपुट वाचतो, मग लॅडर सोडवतो आणि शेवटी आउटपुट लिहितो. पूर्ण स्कॅनभर `I:1/4` ची किंमत एकच राहते. कॉम्पॅक्टलॉजिक्समध्ये कार्डाचा डेटा प्रोग्रॅमची वाट न पाहता, आरपीआयनं, म्हणजे ठरवून दिलेल्या कालांतरानं येत राहतो. त्यामुळे झाकणाचा स्विच पाचव्या ओळीला बंद आणि तेराव्या ओळीला उघडा दिसू शकतो, तेही एकाच स्कॅनमध्ये.

आपल्या टँकमध्ये पाचवी ओळ झाकण बंद असेल तर पुढच्या टप्प्याचा बिट लावते आणि तेरावी ओळ झाकण उघडं असेल तर क्रम शून्यावर आणते. नेमक्या त्या क्षणी स्विच हलला तर दोन्ही ओळी खऱ्या ठरतात. असा दोष टेबलावर सापडत नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी मशीन अर्ध्यातच अडकतं आणि सगळे स्विचला दोष देतात.

उपाय साधा आहे. मुख्य रूटीनच्या पहिल्या ओळीत इनपुटची प्रत घ्या, शेवटच्या ओळीत आउटपुट पाठवा, आणि मधल्या सगळ्या लॅडरनं फक्त प्रतीच वापराव्यात:

```
MOV  Local:1:I.Data  In1
...
MOV  Out2  Local:2:O.Data
```

डेटा एका शब्दापेक्षा मोठा असेल तर `MOV` ऐवजी `CPS` वापरा. कॉपी चालू असताना डेटा मध्येच बदलणार नाही याची ती काळजी घेते. एलियस थेट कार्डाच्या टॅगवर दिला तर नाव बदलतं, प्रत होत नाही. आउटपुटच्या प्रतीचा फायदा तिथे होतो जिथे एकच कॉइल दोन ओळींत लिहिलेली असते. एसएलसीत शेवटची ओळ जिंकायची. प्रत नसेल तर नव्यात मधली स्थितीही कॉन्टॅक्टरपर्यंत पोचू शकते आणि तो फडफडतो.

पाचवी पायरी: चाचणी

आधी टेबलावर, मग पॅनेलमध्ये, मग रिकाम्या मशीनवर, हा क्रम मोडू नका. टेबलावर `In1` मध्ये हातानं बिट टाकण्यापेक्षा कार्डाला खरे स्विच जोडा. हातानं टाकलेला बिट वरचीच `MOV` पुढच्या स्कॅनला पुसून टाकते.

पॅनेलमध्ये आउटपुटचा पुरवठा तोडून प्रत्येक तार तपासा. एकानं फील्डमध्ये स्विच दाबावा, दुसऱ्यानं टॅग पाहावा आणि तक्त्यात खूण करावी. अ‍ॅनालॉगला लूप कॅलिब्रेटर लावून 4, 12 आणि 20 mA द्या. 4000, 12000, 20000 च्या आसपास आकडे यायला हवेत. मग 14.6 वरून 14.7 mA वर न्या, भरणं थांबण्याचा बिट याच दरम्यान बदलला पाहिजे. शेवटी तार काढा आणि अलार्म येतो का पाहा. इमर्जन्सी स्टॉपची चाचणी पुरवठा परत जोडल्यावर वेगळी घ्या आणि कॉन्टॅक्टर प्रत्यक्ष पडला हे मोजून बघा, पडद्यावरच्या दिव्यावर समाधान मानू नका.

त्यानंतर पहिल्या पायरीतला कागद काढा आणि एकेक ओळ मशीनवर करून पाहा. मिक्सिंगचा वेळ स्टॉपवॉचनं मोजा. पडद्यावरचा वेळ त्याच टायमरमधून येतो, त्यामुळे एकक चुकलं तर दोन्ही मिळून चुकतात. वीज तोडून परत देण्याची चाचणी भरण्याच्या, मिसळण्याच्या आणि रिकामं करण्याच्या अशा तिन्ही टप्प्यांत घ्या. `OTL` नं लावलेले बिट वीज गेल्यावरही टिकतात आणि `S:FS` ची ओळ त्यातले कोणते पुसते हे तेव्हाच कळतं. फरक आढळला तर तो प्रोग्रॅमच्या आधी तक्त्यात शोधा.

जुना रॅक, त्याच्या वायरांवरची लेबलं आणि शेवटचा अपलोड, हे सगळं नवं मशीन उत्पादनाचा प्रत्येक प्रकार एकदा चालवेपर्यंत हाताशी असू द्या. क्वचित चालणाऱ्या एखाद्या रेसिपीच्या ओळी तोवर कुणीच तपासलेल्या नसतात.