लायसन्स रिन्यू केलंय, तरी क्लेम अडकला? विमा कंपनीला पत्र लिहिताना या चुका टाळा

गाडीचा क्लेम टाकला, गॅरेजमध्ये सर्व्हेअर येऊन गेला आणि आठवड्याने कंपनीचा ईमेल आला: 'अपघाताच्या दिवशी चालकाचं लायसन्स वैध नव्हतं, खुलासा करा.' बहुतेक जण लगेच नव्या कार्डाचा फोटो पाठवतात, खाली 'लायसन्स रिन्यू केलेले आहे, क्लेम मंजूर करावा' एवढं लिहितात आणि महिनाभर वाट बघत बसतात. कंपनीने विचारलेलं असतं, अपघाताच्या दिवशी काय स्थिती होती. आज लायसन्स आहे का, हा तिचा प्रश्नच नसतो.

म्हणून पत्र लिहायच्या आधी तीन तारखा एका कागदावर मांडा: लायसन्स संपल्याची, रिन्यू झाल्याची आणि अपघाताची.

समजा, लायसन्स 14 मार्चला संपलं, आरटीओने 2 एप्रिलला रिन्यू केलं आणि अपघात 20 एप्रिलला झाला. मालकाने क्लेम फॉर्मला ड्रायव्हरच्या फाइलमधली जुनी झेरॉक्स जोडली. इथे चूक फक्त कागदाची आहे आणि ती पत्राने सुटते. पत्राचा गाभा असा ठेवा:

'क्लेम क्र. ___, पॉलिसी क्र. ___, वाहन क्र. ___. आपल्या दि. ___ च्या ईमेलच्या संदर्भात कळवतो की चालकाच्या लायसन्सची मुदत 14 मार्च रोजी संपली होती. ते 2 एप्रिल रोजी नूतनीकृत झाले. अपघात 20 एप्रिल रोजी, म्हणजे नूतनीकरणानंतर झाला. क्लेम फॉर्मसोबत नजरचुकीने जुनी प्रत जोडली गेली होती. नूतनीकृत लायसन्सची प्रत व आरटीओचा उतारा सोबत जोडत आहे.'

एवढं पुरे. 'आमचा ड्रायव्हर पंधरा वर्षं गाडी चालवतो' हे लिहून काही मिळत नाही.

उताऱ्याचा आग्रह धरण्याचं कारण आहे. नव्या कार्डावर मुदत कधीपर्यंत आहे ते ठळक दिसतं, पण नूतनीकरण नेमकं कधी झालं हे क्लेम विभागाला त्यावरून पटेलच असं नाही. आरटीओच्या नोंदीचा उतारा दिला की तो वाद तिथेच मिटतो. फी भरल्याची पावती मात्र पुरावा म्हणून पुढे करू नका. पावतीवरून अर्ज केल्याचं कळतं, लायसन्स रिन्यू झाल्याचं नाही. ती सोबत जोडायला हरकत नाही, पण एकटी पाठवू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते. अपघात 25 मार्चला झाला असेल, म्हणजे मुदत संपल्यानंतर आणि रिन्यू होण्याआधी, तर 'तीस दिवसांची सवलत असते' असं लिहू नका. ती सवलत मोटार वाहन कायद्यात होती, पण 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने निघाली. मुदतीनंतर वर्षभरात अर्ज केला तर टेस्ट द्यावी लागत नाही, हे खरं आहे. पण त्याचा अर्थ मधल्या दिवसांत लायसन्स चालू होतं असा होत नाही, कारण नूतनीकरण ज्या दिवशी होतं त्या दिवसापासून धरलं जातं. अशा वेळी तारखा जशा आहेत तशा लिहा आणि चालक लायसन्ससाठी अपात्र ठरवला गेलेला नव्हता, एवढंच नमूद करून क्लेमचा विचार करण्याची विनंती करा. तो मिळेलच असं नाही. पण गाडी दुसराच कोणी चालवत होता असं दाखवायला गेलात तर प्रकरण थेट फसवणुकीचं होतं. पंचनाम्यात आणि हॉस्पिटलच्या कागदांत खरं नाव आधीच आलेलं असतं.

एक गोष्ट खुद्द सर्व्हेअरच्याही नजरेतून सुटते. काही लायसन्सवर मुदतीच्या दोन तारखा असतात: NT म्हणजे खासगी वाहनांसाठी आणि TR म्हणजे व्यावसायिक वाहनांसाठी. TR ची मुदत साधारण पाच वर्षांची असते, त्यामुळे ती बऱ्याचदा आधी संपते. अपघात तुमच्या खासगी कारचा आणि संपलेली तारीख TR ची, असं असेल तर नूतनीकरणाचा मुद्दाच उरत नाही. वाहन खासगी आहे आणि NT ची मुदत अपघाताच्या दिवशी चालू होती, हे आरसी बुकाच्या प्रतीसह दोन ओळींत लिहा. ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांत हे वारंवार घडतं, कारण त्यांचे ड्रायव्हर आधी टॅक्सी किंवा टेम्पो चालवलेले असतात.

पत्र ईमेलने पाठवा, विषयात क्लेम क्रमांक टाका आणि फोनवरच्या 'बघतो साहेब'वर विसंबू नका. कंपनीने नाकारलं तर कारण लेखी मागून घ्या आणि आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. तिथेही पहिल्यांदा त्याच तीन तारखा विचारतात, तेव्हा पत्राची आणि उताऱ्याची प्रत जपून ठेवा.