दुपारी निळं, संध्याकाळी तांबडं: आकाशाचा रंग डब्यात बघायची रीत

मे महिन्याच्या मध्याला सोलापुरात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली बुडाशीच गडप होते. त्या वेळी उजेड सगळ्यात जवळच्या वाटेनं हवेचा थर ओलांडतो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठून पाहताना तोच सूर्य क्षितिजाला टेकला, की उजेडाला जवळपास ३८ पट हवेतून यावं लागतं. फरक पडतो तो या लांबलेल्या वाटेमुळे, आणि तो घरी पाहता येतो.

लांबट, सरळ बाजूंचा पारदर्शक डबा घ्या. लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी. तो पाण्यानं भरून खोली पूर्ण अंधारी करा. मोबाइलचा पांढरा टॉर्च बाहेरून डब्याला चिकटवा. पिवळ्या बल्बच्या बॅटरीत निळा रंग मुळातच कमी असतो, ती नको.

आता थेंब थेंब दूध घालून ढवळत जा. साय काढलेलं दूध बरं, कारण सायीचे मोठे कण सगळेच रंग सारखे उधळतात. पाण्यातला झोत बाजूनं जेमतेम निळसर दिसू लागला की थांबा. इथंच घाई नडते: दूध जास्त झालं तर डबा नुसता पांढरा दिसतो. मग निम्मं पाणी ओतून साधं पाणी भरा.

आधी टॉर्च रुंदीच्या बाजूनं आरपार धरा. समोरून दिवा जवळजवळ पांढराच दिसेल. ही दुपार. मग तोच टॉर्च लांबीच्या टोकाला लावून दुसऱ्या टोकानं पाहा. दिवा पिवळा, मग नारिंगी दिसेल. वाटेतला निळा रंग बाजूला उधळला गेला, उरलेला तुमच्यापर्यंत आला.

हवेत हे काम तिचे रेणू करतात, आणि निळ्या उजेडाला ते तांबड्याच्या चौपटीहून जास्त उधळतात. स्वच्छ हवा धरली, तर डोक्यावरच्या सूर्याचा निळा उजेड साधारण पाचवा हिस्सा वाटेत उधळतो आणि तोच आपल्याला चहूकडून आकाशाचा रंग म्हणून दिसतो. तांबडा विसावा हिस्साच जातो. ३८ पट हवेत मात्र दर वेळी उरलेल्यातून पुन्हा तेवढाच हिस्सा कमी होत जातो. शेवटी तांबडा शंभरातला पंधरा उरतो आणि निळा दहा हजारांत दोन-तीन! ढगांवर आणि क्षितिजाजवळच्या हवेवर पडतो तो हाच गाळून आलेला उजेड.

सोलापूरच्या उन्हाळ्यात धूळ फार, म्हणून दुपारचं आकाश पांढुरकं दिसतं. पावसानं हवा धुतली की निळं गडद होतं. मावळत्या सूर्याकडे टक लावून मात्र पाहू नका.

एक गोष्ट डब्यात दिसणार नाही. सूर्य बुडताना डोक्यावरचं आकाश निळंच राहतं. त्यात मोठा वाटा उंचावरच्या ओझोनचा आहे. तो उजेडातला नारिंगी भाग शोषून घेतो.