वीस टॉवेलांचा नमुना आणि द्विपद वितरण: सोलापुरातील तपासणी विभागातला अनुभव

संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या तपासणी विभागात रुजू झालो, तेव्हा तिथे एक नियम आधीपासून चालत आलेला होता. 100 डझनांच्या, म्हणजे 1,200 टॉवेलांच्या प्रत्येक लॉटमधून 20 टॉवेल काढायचे आणि त्यांत दोन किंवा अधिक सदोष निघाले, तर सगळा लॉट पुन्हा तपासायचा. तुटलेला ताणा, तेलाचा डाग, ओढले गेलेले फंदे किंवा उसवलेली किनार यांपैकी काहीही दिसले, की टॉवेल सदोष धरला जाई. मागील तीन महिन्यांत पूर्ण तपासलेल्या लॉटांची नोंदवही चाळल्यावर सदोष टॉवेलांचे प्रमाण सुमारे 5 टक्के दिसले आणि एवढे प्रमाण कारखान्याला मान्यही होते. मग नेहमीसारखा चांगला लॉटसुद्धा या नियमामुळे किती वेळा अडकत असेल, हा प्रश्न मला पडला. या कामात नव्याने येणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी हाताने करावे, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक टॉवेल एक तर सदोष असतो किंवा निर्दोष. नमुन्याची संख्या n = 20 ठरलेली आहे, प्रत्येक टॉवेल सदोष असण्याची संभाव्यता p = 0.05 आहे आणि एका टॉवेलाच्या निकालाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, असे तूर्त धरू. तसे असेल, तर सदोष टॉवेलांची संख्या X द्विपद वितरण पाळते. एकही सदोष न निघण्यासाठी वीसही टॉवेल निर्दोष हवेत, म्हणून P(X = 0) = 0.95²⁰. याला मोठे यंत्र लागत नाही. 0.95 चा पाचवा घात 0.7738 येतो, त्याचा वर्ग केला की दहावा घात 0.5987 आणि त्याचाही वर्ग केला की विसावा घात 0.3585 मिळतो.

नेमका एक सदोष निघण्याची संभाव्यता काढताना माझी पहिली चूक झाली. मी 0.05 × 0.95¹⁹ एवढेच मांडले आणि उत्तर 0.0189 आले. दोन टक्क्यांहूनही कमी! नोंदवहीत मात्र एक सदोष असलेले नमुने पानोपानी होते. झाले असे, की मी काढलेली संभाव्यता एका विशिष्ट क्रमाची होती: पहिला टॉवेल सदोष आणि उरलेले एकोणीस निर्दोष. सदोष टॉवेल वीसपैकी कोणत्याही जागी येऊ शकतो, म्हणून या संख्येला 20 ने गुणावे लागते आणि P(X = 1) = 0.3774 मिळते. नेमके दोन हवे असतील, तर वीसांतून दोन जागा निवडण्याचे 190 प्रकार होतात, म्हणून P(X = 2) = 190 × 0.05² × 0.95¹⁸ = 0.1887.

आता नियमातले शब्द नीट वाचावेत. नियम नेमक्या दोनांचा नसून किमान दोनांचा आहे. त्यासाठी दोन, तीन, चार असे विसापर्यंतचे सगळे पद मिळवत बसण्याची गरज नाही, कारण किमान दोनच्या बाहेर फक्त शून्य आणि एक एवढेच उरतात. म्हणून P(X ≥ 2) = 1 − 0.3585 − 0.3774 = 0.2641, आणि दशांश चारच्या पुढे नेले तर 0.2642. याचा अर्थ असा, की शंभर चांगल्या लॉटांपैकी सुमारे 26 लॉट केवळ योगायोगाने पुन्हा टेबलावर येत होते. संगणकावर करताना हाच फरक सूत्राच्या शेवटच्या शब्दात असतो: पहिली ओळ नेमक्या दोनांची, दुसरी किमान दोनांची. दुसरीत 2 ऐवजी 1 का आहे, हे ज्याला समजले त्याला ‘किमान’ समजले.

```
=BINOM.DIST(2,20,0.05,FALSE)
=1-BINOM.DIST(1,20,0.05,TRUE)
```

लगेच मर्यादा तीनवर न्यावी, असे मला वाटले. P(X ≥ 3) = 0.0755 येते, म्हणजे चांगले लॉट शंभरात सात-आठच अडकतील. पण माझ्या वरिष्ठ बाईंनी विचारले, “आणि लॉट खरोखरच खराब असेल, तर तो पकडला जाईल का?” प्रमाण 10 टक्क्यांवर गेले असे धरून मी पुन्हा आकडेमोड केली. तेव्हा किमान दोन निघण्याची संभाव्यता 0.6083 होती, तर किमान तीन निघण्याची फक्त 0.3231. मर्यादा वाढवली, तर दुप्पट खराब लॉटसुद्धा तीनपैकी दोन वेळा सुटून जाणार होता. नमुना 50 चा घेऊन मर्यादा पाचवर ठेवली, तर चांगला लॉट अडकण्याची संभाव्यता 0.104 आणि खराब पकडला जाण्याची 0.569 होते. दोन्ही बाजू एकाच वेळी सुधारायच्या असतील तर नमुना वाढवावाच लागतो, फक्त मर्यादा सरकवून ते साधत नाही. तेवढी माणसे टेबलावर नव्हती, म्हणून जुना नियम तसाच राहिला.

खरी अडचण पुढे होती. मी 40 लॉटांचे निकाल एका कागदावर उतरवले. सरासरी जवळपास एक सदोष टॉवेल, म्हणजे 20 × 0.05 ला धरूनच होती. मात्र 40 पैकी 26 नमुन्यांत एकही सदोष नव्हता, जिथे द्विपद वितरणानुसार सुमारे 14 अपेक्षित होते. आणि चार नमुन्यांत प्रत्येकी सहा सदोष होते. किमान पाच सदोष निघण्याची संभाव्यता 0.0026 आहे, म्हणजे असा नमुना सुमारे 390 लॉटांत एकदा दिसायला हवा. सरासरी बरोबर आणि पसरण चुकीची, हे स्वतंत्रतेचे गृहीतक मोडल्याचे लक्षण असते.

जॉबर मला मागापाशी घेऊन गेले आणि चालू कापडावर बोट ठेवून म्हणाले, “हा ताणा तुटलाय बघा. विणकराच्या लक्षात येईपर्यंत ही रेघ पुढच्या सगळ्या टॉवेलांत जाणार.” टॉवेल एकाच ताण्यावर एकामागून एक विणले जातात आणि नंतर कापले जातात, त्यामुळे दोष एकटा न येता सलग येतो. आमचे तपासनीस वेळ वाचवण्यासाठी वरचेच दोन गठ्ठे उचलत, आणि बारा-बारा टॉवेलांचे हे गठ्ठे बहुधा एकाच मागाचे असत.

त्यानंतर आम्ही लॉटच्या शंभर गठ्ठ्यांना क्रमांक दिले, चिठ्ठ्या टाकून वीस गठ्ठे निवडले आणि प्रत्येकातून मधला कोणताही एक टॉवेल काढू लागलो. कापडातला दोष सलगच राहिला, पण आमची निवड विखुरली गेली. एकदा काढलेला टॉवेल परत ठेवला जात नाही, ही बाब 1,200 च्या लॉटमध्ये नगण्य आहे. मात्र लहान ऑर्डरच्या लॉटला हे लागू करू नये. 60 टॉवेलांत तीन सदोष असतील आणि त्यांतून 20 काढले, तर एकही न सापडण्याची खरी संभाव्यता (40 × 39 × 38) ÷ (60 × 59 × 58) = 0.289 असते, तर द्विपद सूत्र 0.358 सांगते. अशा लॉटांसाठी आम्ही वेगळा तक्ता करून टेबलाशेजारी लावला.

नव्या पद्धतीच्या पहिल्या 40 लॉटांत 15 नमुने शून्याचे निघाले आणि एकाही नमुन्यात तीनपेक्षा जास्त सदोष टॉवेल आले नाहीत.