ध्वनिचिन्हं वाचता येत नसतील तर उच्चारस्थान असं समजवा

एमएच्या पहिल्या वर्षाचा एक पोरगा परभणीकडचा, हँडआउट घेऊन आला आणि म्हणला, सर हे आडवे-उलटे अक्षरं काय कळंनात. चूक माझीच, भाषाविज्ञानाचं हँडआउट आम्ही थेट चिन्हांपासून सुरू करतो. मी कागद उलटा ठेवला, आणि आता कुणालाही हे असंच शिकवतो.

आधी जीभ कुठं टेकते ते हुडकायला लावा. अक्, अट्, अत्, अप् असं म्हणायचं पण शेवटचा आवाज सोडायचा नाही, तोंड तिथंच धरून ठेवायचं. अक् ला जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला चिकटतो (शाळेत याला कंठ्य शिकवलंय, हँडआउटमधे मृदुतालव्य असतं, गोष्ट एकच, गोंधळू देऊ नका), अट् ला शेंडा वर वळून टाळूला, अत् ला दाताला आणि अप् ला जिभेचं कामच नाही, ओठ बंद. झालं उच्चारस्थान.

आता स्वनिम, म्हणजे जो बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो असा आवाज. इथं वेळ द्या. त्याला म्हणलं 'दोन न् दोन चार' म्हण, मग 'गुरं चार' म्हण. तो म्हणला, दोन्ही चारच की सर. म्हणलं अक्षर बघू नको, जीभ बघ. दोनतीनदा म्हणल्यावर हसला, पहिल्या च ला जीभ टाळूवर पसरते अन् गुरं चारताना शेंडा दातांच्या मागं जातो. पुढचं सगळं सारखं, फक्त तेवढ्यानं अर्थ बदलला, म्हणून हे दोन वेगळे स्वनिम. लिपीत अक्षर एकच असलं तरी.

मग त्यानंच विचारलं, 'माझा' आणि 'माझी' मधला झ पण वेगळा आहे ना? आहे, पण ही जोडी पुरावा म्हणून चालत नाही, कारण पुढचा स्वर पण बदललाय, आणि ई च्या आधी जीभ आपोआप टाळूकडं सरकते. एका जागी एकच फरक पाहिजे. पोरं हमखास इथंच चुकतात.

अजून एक अडचण आपल्याकडची. पुस्तकात न-ण साठी 'मन' आणि 'मण' देतात, पण जो घरी पानीच म्हणतो त्याच्या तोंडात दोन्ही सारखेच येतात. त्याचा उच्चार सुधारत बसू नका, त्याच्या बोलीत तिथं फरकच नाही, दुसरी जोडी घ्या, 'वेल' आणि 'वेळ' घ्या.

शेवटी कागद सुलटा करा आणि प्रत्येक चिन्हाखाली पेन्सिलनं देवनागरी अक्षर लिहायला लावा. दातामागच्या च खाली टिंब देऊन च़ करा. इंग्रजीच्या उदाहरणांत मात्र जपून, टेबल मधला त्यांचा आवाज आपल्या ट सारखा वर वळून नसतो, वरच्या हिरडीला टेकतो, तिथं नुसतं ट लिहिलं की परत घोळ, म्हणून बाजूला 'हिरडी' असं लिहून ठेवायचं.