ढाळ लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं

शिरोळ तालुक्यातलं एक घर. पावसाळ्याचे दिवस. दीड वर्षाच्या नातवाला सकाळपासून पाण्यासारखे ढाळ लागलेत. आशाताई आल्या तेव्हा पोर किरकिर करत होतं आणि पाण्याचा तांब्या दिसला की त्यावर झेप घेत होतं. डोळे थोडे आत गेले होते. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध आशाताईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, क्षणभर तशीच राहून मग बसली. अंगातलं पाणी कमी झाल्याच्या या खुणा.

"पानी पाजलं की पुन्ना ढाळ हुतंय गं बाय, म्हनून सकाळधरनं पानीच बंद केलंया," आज्जी म्हणाली.

"आज्जी, पाणी बंद केलं तरी ढाळ थांबत न्हाईत. अंगात हाय तेच भाईर जातंय."

आशाताईंकडच्या ओआरएसच्या पुड्या आधीच्या घरात संपल्या होत्या. त्यांनी सुनेला उपकेंद्रावर पिटाळलं आणि पुडी येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून आज्जीला घरातलंच सामान काढायला लावलं: उकळून थंड केलेलं पाणी, एक लिटरची बाटली, मीठ, साखर आणि चहाचा चमचा. सगळ्यात आधी साबणानं हात धुणं.

पाणी तांब्यानं मोजू नये, कारण प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. दुकानातली एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन घेतली की माप बरोबर मिळतं. चमचा 5 मिलिलिटरचा हवा, पोह्यांचा नको. खात्री नसेल तर सिरपच्या बाटलीच्या टोपणात 5 च्या खुणेपर्यंत पाणी घेऊन ते चमच्यात ओतून बघावं.

एक लिटर पाण्यात अर्धा सपाट चमचा मीठ आणि 6 सपाट चमचे साखर. सपाट म्हणजे चमचा भरून वरचा ढीग सुरीच्या पाठीनं सारून टाकायचा. मिठासाठी असाच चमचा भरून मधोमध रेघ ओढायची आणि अर्धं परत डब्यात. आधी मीठ विरघळवून चव घ्यावी. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते पाणी टाकून द्यायचं, साखर वाढवून दुरुस्त करायचं नाही. जास्त मीठ रक्तात चढलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

साखरेचा चमचा आज्जीनं मायेनं शिगोशीग भरला. आशाताईंनी तो तिथंच सपाट केला. साखर जास्त झाली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि ढाळ वाढतात. बेताची असली तर आतड्याच्या अस्तरातून मिठाला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. ढाळ चालू असतानाही ही वाट शाबूत राहते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी अंगी लागतं. गूळ चालंल का, असं आज्जीनं विचारलं. घरात गूळ असतोच, पण खडा चमच्यानं नेमका मोजता येत नाही, म्हणून साखरच.

आता पाजणं. बाटली तोंडाला लावायची नाही. वाटी-चमच्यानं, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. पोर घटाघट पिऊ लागलं की ओकतं आणि घरचे म्हणतात, पोटात ठरत नाही. ओकलं तर 10 मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. या पाण्यानं ढाळ लगेच थांबत नाहीत. जेवढं गेलं तेवढं भरून काढणं हे त्याचं काम.

पुडी आल्यावर मात्र घरचं पाणी बाजूला. पुडीत पोटॅशियमही असतं, ते आपल्या डब्यात नाही. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यात एकदम टाकावी, अंदाजानं अर्धी नाही. या मुलाचं वजन 10 किलो. पाणी कमी झाल्याच्या खुणा असताना किलोला 75 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत 750. दर दीड मिनिटाला एक चमचा दिला की तेवढं होतं. हे आरोग्य कर्मचाऱ्याच्या नजरेखाली करावं, म्हणून आशाताई त्यांना उपकेंद्रात घेऊन गेल्या. चार तासांनी खुणा पुन्हा बघायच्या. त्या गेल्या की दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक ढाळानंतर 10 ते 20 चमचे. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण चालू ठेवायचं. उरलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्यायचं.

सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 14 दिवस. ढाळ तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी पुरी करावी.

पोर गळून पडलं, जागं होईना, पिता येईना, पिलेलं सगळं ओकू लागलं, चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर घरी थांबू नये. 108 ला फोन करावा, आणि पोर शुद्धीवर असून गिळत असेल तर वाटेतही चमच्या-चमच्यानं पाजत राहावं.