एक्स्पिडाइट लेनमध्ये सहा कार्डं? या चुका टाळा

एखाद्या टीमचा कानबान बोर्ड पहिल्यांदा समोर आला की माझी नजर आधी सगळ्यात वरच्या स्विमलेनवर जाते. तिथे दोनपेक्षा जास्त कार्डं दिसली की पुढचा अर्धा तास काय बोलणं होणार ते मला पाठ आहे. "आमच्याकडे खरंच सगळं अर्जंट असतं हो." असेल बुवा. पण मग ती लेन काढून टाका, निदान बोर्ड खरं बोलेल.

एक्स्पिडाइट लेन कशासाठी असते ते दोन वाक्यांत सांगतो. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी पेटलंय आणि ते विझेपर्यंत पैसे, डेटा किंवा ग्राहक जाताहेत, अशा कार्डासाठी ती आडवी पट्टी असते. त्या कार्डाला कुठल्याही रांगेत थांबावं लागत नाही, त्याच्यासाठी कॉलमची विप लिमिट ओलांडली तरी चालते आणि गरज पडली तर माणूस हातातलं काम खाली ठेवून ते उचलतो. एवढी मुभा असल्यामुळेच लेनची स्वतःची मर्यादा एक असते. एक म्हणजे एकच.

पहिली चूक: लेनला मर्यादाच नाही

पाच वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कंपनीत सात जणांच्या टीमबरोबर होतो. ऑनलाइन ऑर्डरींचे पैसे, रिफंड, हिशेब जुळवणं असलं आमचं काम. बोर्डावर लाल रंगाची एक्स्पिडाइट लेन होती आणि सगळ्यांना तिचा अभिमान होता. एका गुरुवारी सकाळी त्या लेनमध्ये पाच कार्डं होती. एकात इनव्हॉइसवरचा लोगो धूसर दिसतो अशी तक्रार, एकात रिपोर्टचा कॉलम अरुंद, एक सेल्सच्या माणसाने "एवढं एकच घे रे, उद्या डेमो आहे" म्हणून टाकलेलं. बाकीची दोन कोणी आणि का टाकली ते कोणालाच आठवत नव्हतं.

11 वाजून 20 मिनिटांनी सहावं कार्ड आलं: काही ग्राहकांना रिफंड दोनदा जातोय. चार डेव्हलपरपैकी तिघांच्या हातात आधीच लाल लेनमधली कार्डं होती. मी विचारलं तर एक म्हणाला, "हेपण एक्स्पिडाइटच आहे ना? संपवतो आणि घेतो." त्याचं काय चुकलं? बोर्डाने त्याला सहा कार्डं एकाच रंगात, एकाच पट्टीत दाखवली होती. रिफंडचं कार्ड कोणाच्या हातात पडलं तेव्हा पावणेचार झाले होते.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. रिफंड पाठवणारा जॉब दर पंधरा मिनिटांनी चालायचा. पेमेंट गेटवेकडून वेळेत उत्तर आलं नाही की आमचा कोड तो रिफंड फसला असं समजायचा आणि पुढच्या फेरीत पुन्हा पाठवायचा, तोही नवा रेफरन्स नंबर देऊन. गेटवेच्या दृष्टीने तो नवीन रिफंड. पहिला खरं तर गेलेलाच असायचा. सव्वाअकरा ते पावणेचार म्हणजे त्या जॉबच्या सुमारे अठरा फेऱ्या. त्यातल्या प्रत्येकीत थोडे थोडे पैसे जास्तीचे गेले आणि नंतर दोन आठवडे अकाउंट्सवाले ग्राहकांना फोन करत बसले.

देवळात व्हीआयपी दर्शनाचे पास सगळ्यांनाच वाटले की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. साधी रांग बरी, असं म्हणायची पाळी येते.

आणि लेनबाहेरच्या कार्डांचं काय होतं ते तर कोणी मोजतच नाही. साधा हिशेब करा. टीम दिवसाला सरासरी 2 कार्डं पूर्ण करते आणि बोर्डावर 8 कार्डं चालू आहेत, तर एका कार्डाला साधारण 4 दिवस लागतात. चालू कार्डं भागिले रोज संपणारी कार्डं, बस्स. आता वरून 6 "अर्जंट" कार्डं आली आणि जुनी 8 अर्धवट पडून राहिली, तर चालू कार्डं झाली 14, म्हणजे 7 दिवस. हेही टीमचा वेग तोच राहिला असं धरून. हातातलं सोडून दुसरं घेण्यात वेग पडतोच, म्हणजे आकडा याहून वाईट. मग उशीर झालेल्या कार्डांचे मालक ओरडायला लागतात आणि त्यांचीही कार्डं लाल लेनमध्ये येतात. अशी ती लेन भरत जाते.

जिरा वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा. तिथली मर्यादा कॉलमला लागते, स्विमलेनला नाही, आणि तीही ओलांडली की कॉलम नुसता लाल होतो, कार्ड कोणी अडवत नाही. त्यामुळे लेनची एकची मर्यादा माणसांनीच पाळायची. माझी सवय अशी: दुसरं कार्ड लेनमध्ये टाकायला आलेल्या माणसाने पहिलं कार्ड टाकणाऱ्याशी स्वतः बोलायचं आणि दोघांनी मिळून ठरवायचं की खाली कोण उतरतो. मी मध्ये पडत नाही. दहापैकी नऊ वेळा तो माणूस त्या फोनपर्यंतही जात नाही.

लेन कशावर बांधायची, हाही त्यातलाच भाग. बोर्ड सेटिंग्जमध्ये क्वेरीवर आधारित स्विमलेन निवडली की बरेच जण `priority = Highest` लिहून मोकळे होतात. मग प्रायॉरिटी बदलायची मुभा असलेला प्रत्येक जण एका क्लिकमध्ये लेनमध्ये. मी वेगळं लेबल ठेवतो:

```
type = Bug AND labels = "prod-down"
```

हे लेबल त्या आठवड्याच्या ऑन-कॉल डेव्हलपरनेच लावायचं, असा तोंडी नियम. जिरा ते सक्तीने पाळून घेत नाही, पण कार्डाच्या हिस्टरीत लेबल लावणाऱ्याचं नाव दिसतं आणि तेवढी लाज पुरते. ही क्वेरी यादीत सगळ्यात वर ठेवा. एखादं कार्ड दोन क्वेरींत बसत असेल तर ते वरच्याच लेनमध्ये दिसतं.

दुसरी चूक: आग विझली तरी कार्ड लेनमध्येच

त्या गुरुवारी खरा उपाय एका ओळीचा होता: जॉब बंद करा. जास्तीचे पैसे जाणं तिथल्या तिथे थांबलं असतं. रिफंड एक दिवस उशिरा मिळाला म्हणून कोणाचं घर बुडत नाही. पण उत्साही पोरांना आधी कोड उघडायचा असतो. "पाच मिनिटांत फिक्सच करतो ना" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, कारण ती पाच मिनिटं मी खूप वेळा मोजलेली आहेत.

लेनमधल्या कार्डाचं काम नुकसान थांबवणं एवढंच असतं. जुनी आवृत्ती परत चढवा, फीचर फ्लॅग बंद करा, जॉब थांबवा, जे सगळ्यात लवकर होईल ते. नुकसान थांबलं की मी लगेच लेबल काढतो आणि कार्ड खालच्या साध्या लेनमध्ये येतं. मूळ कारणाची दुरुस्ती मात्र व्हायलाच हवी, फक्त ती आता तारखेचं काम झाली. आमच्या बाबतीत थांबलेले रिफंड दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते, म्हणून कार्डावर तीच तारीख लिहिली. त्यावर दोन माणसं शांतपणे बसली आणि प्रत्येक रिफंडाला एकदाच तयार होणारा, पुन्हा पाठवतानाही तोच राहणारा रेफरन्स नंबर दिला. रिव्ह्यू झाला, टेस्टिंग झालं.

इथे अधीर मंडळी आणखी एक शॉर्टकट मारतात. एक्स्पिडाइट आहे म्हणून रिव्ह्यू आणि टेस्टिंगचे कॉलम ओलांडून कार्ड थेट डिप्लॉयमध्ये ओढतात. या लेनमध्ये रांग चुकवायची मुभा आहे, टप्पा चुकवायची नाही. टेस्टर हातातलं काम थांबवून आधी हे कार्ड तपासेल, पण तपासेल.

तिसरी: हॉटफिक्स मेनमध्ये परत न नेणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण मी स्वतः केलेली. प्रॉडक्शनवर चालू असलेल्या आवृत्तीतून `hotfix/refund-ref` अशी ब्रँच काढली, फिक्स केला, चढवला, कार्ड डनमध्ये ओढलं, चहा प्यायलो. दोन आठवड्यांनी पुढची रिलीज मेनवरून गेली आणि त्याच संध्याकाळी रिफंड पुन्हा दोनदा. फिक्स मेनमध्ये कधी गेलाच नव्हता.

त्यानंतर आमच्या बोर्डावर डनच्या आधी "मेनमध्ये नेलं?" असा एक छोटा कॉलम आला. लोक हसले. कॉलम अजून आहे. कार्ड तिथून पुढे सरकवण्याआधी ही कमांड चालवायची:

```
git fetch
git cherry -v origin/main hotfix/refund-ref
```

ओळीच्या सुरुवातीला `+` दिसला तर तो कमिट मेनमध्ये नाही, `-` दिसला तर तोच बदल तिथे आहे. काहीच छापलं नाही तर ब्रँच जशीच्या तशी मर्ज झालेली आहे. अनेक कमिट एकत्र करून स्क्वॉश मर्ज केले असतील किंवा चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्ट सोडवला असेल तर `+` खोटा येऊ शकतो. तेव्हा डोळ्यांनी डिफ बघायचा, इलाज नाही.

बाकीच्या, थोडक्यात

माणसागणिक स्विमलेन करू नका. प्रत्येक जण आपापली पट्टी सांभाळत बसतो आणि लाल कार्ड "दुसऱ्याच्या लेनमध्ये" म्हणून तसंच राहतं.

एक्स्पिडाइटसाठी खाली ठेवलेलं कार्ड टू-डूमध्ये परत ढकलू नका. ते अर्धवट आहे, होतं त्याच कॉलममध्ये राहू द्या, फ्लॅग लावा आणि कुठपर्यंत आलो होतो ते कमेंटमध्ये दोन ओळींत लिहा. दोन दिवसांनी तुम्हाला स्वतःलाच आठवत नाही.

कार्डाला सरासरी किती दिवस लागतात ते काढताना लाल कार्डं वेगळी मोजा. चार तासांत संपलेली ती कार्डं सरासरी सुंदर करतात आणि मॅनेजरला वाटतं टीम सुधारली.

लेनसाठी एक माणूस कायमचा राखीव ठेवायची कल्पना दर वर्षी कोणीतरी नव्याने मांडतं. सात जणांच्या टीमला ते परवडत नाही. आठवड्याने बदलणारा ऑन-कॉल पुरतो, फक्त त्या आठवड्यात त्याला तारखेचं काम देऊ नका.

लेनमध्ये आलेलं प्रत्येक कार्ड मी एका साध्या वहीत लिहितो: तारीख, कोणी टाकलं, नुकसान कधी थांबलं. महिन्याला दोन-तीन ओळी असतात. एका महिन्यात अकरा झाल्या होत्या, तेव्हा वही उघडून पाहिलं तर त्यातल्या सात एकाच रिपोर्टिंग मोड्यूलच्या होत्या. मग त्या मोड्यूलचं कार्ड साध्या लेनमध्ये सगळ्यात वर लावलं.