वैद्यकीय शब्द फोडताना या चुका टाळा

नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर, सिकलसेलच्या लहान रुग्णापुढे, 'हिपॅटोस्प्लेनोमेगॅली' असं लिहिलेलं दिसू शकतं. नवखा माणूस हा शब्द पुढून वाचायला जातो आणि 'हिपॅटो'पाशीच अडकतो. शब्द शेपटाकडून धरा. शेवटचं 'मेगॅली' म्हणजे आकार वाढणं. काय झालंय ते इथेच कळलं. कुठे झालंय त्यासाठी मग सुरुवातीला या: 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'स्प्लेन' म्हणजे प्लीहा. दोन्ही वाढलेत, एवढाच अर्थ.

मधले दोन 'ओ' कोणाचे? कोणाचेच नाहीत, ते नुसते सांधे आहेत. 'हिपॅटो' असं सबंध पाठ केलं की यकृताच्या सुजेला 'हिपॅटोआयटिस' लिहिलं जातं. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर 'ओ' गळतो, म्हणून हिपॅटायटिस. पण दोन मुळांच्या मधला 'ओ' पुढे स्वर असला तरी टिकतो. 'गॅस्ट्रोएन्टेरायटिस' कागदावर फोडून पाहा: गॅस्ट्र, ओ, एन्टेर, आयटिस. जठर आणि आतडं यांच्या मधला सांधा राहिला, आतडं आणि सूज यांच्या मधला गेला. एका शब्दात दोन्ही नियम सापडतात, म्हणून पाठांतराचं पहिलं कार्ड याचंच करावं.

सगळ्यात महागात पडणारी गफलत शस्त्रक्रियांच्या प्रत्ययांत होते. 'टॉमी' म्हणजे छेद घेणं. त्याआधी 'एक', म्हणजे बाहेर, लागलं की 'एक्टॉमी': कापून काढून टाकणं. 'स्टॉमी'तला 'स्टोमा' म्हणजे तोंड, नवं तोंड करणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढतात. कोलोस्टॉमीत ते पोटावर उघडतात, तिथे पिशवी लागते. घाईत ऐकलं तर दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून 'स' ऐकू आला का ते आधी तपासा.

देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग 'इलियम' आणि कमरेचं हाडही 'इलियम'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आतड्याच्या शब्दात एलनंतर ई येतो, हाडाच्या शब्दात आय. अशा जोड्यांचं स्पेलिंग टिपणात वेगळं लिहिलंच पाहिजे. आपल्या लिपीचा एरवी फायदाच होतो, इथे मात्र ती दगा देते.

आणि फोड बरोबर आली म्हणून तिचा शब्दशः अर्थ लावू नका. 'अ‍ॅनिमिया'ची फोड 'रक्त नसणं' अशी होते. प्रत्यक्षात रक्त असतं, हिमोग्लोबिन कमी असतं: गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली. 'आर्टरी'चं मूळ तर बहुधा हवेशी जोडलं जातं, कारण मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसायच्या आणि त्यांतून हवा वाहते असा प्राचीन ग्रीकांचा समज होता.